खर्च झालेल्या डॉलरचा तोटा: ईईएफसी खात्याचे वर्षअखेरचे पुनर्मूल्यांकन

प्रश्न: आमची पुण्यातील लहान सॉफ्टवेअर कंपनी आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये बँकेत डॉलरचे ईईएफसी खाते, म्हणजे निर्यातीची कमाई डॉलरमध्येच ठेवता येते असे खाते, उघडले. मार्चअखेरपर्यंत त्यात 16,000 डॉलर आले, त्यातूनच क्लाउडचे बिल आणि एका टूलचे वार्षिक लायसन्स भरले, 5,000 डॉलर रुपयांत बदलून घेतले आणि 6,000 डॉलर उरले. लेजरला रुपयांत 5,32,700 दिसतात, पण 31 मार्चच्या दराने 6,000 डॉलरचे 5,13,000 होतात. म्हणजे 19,700 रुपयांचा फरक. उरलेले डॉलर तर 87 रुपयांच्या दराने आलेले आहेत आणि 85.50 ला धरले, तर तोटा 9,000 च यायला हवा. बाकीचे 10,700 कुठून आले? खर्चही 31 मार्चच्या दराने बदलायचा असतो का?

उत्तर: आपले दोन्ही आकडे बरोबर आहेत. 9,000 रुपये हा हातात उरलेल्या डॉलरवरचा तोटा आहे आणि 10,700 रुपये हा तोटा मार्चअखेरपूर्वीच खात्यातून बाहेर पडलेल्या डॉलरवर झालेला आहे. पूर्ण 19,700 रुपये नफा-तोटा पत्रकात विनिमय फरक म्हणून न्यायचे आणि खर्चाच्या नोंदींना हात लावायचा नाही. असे का, ते आता सविस्तर पाहू, कारण ही गोष्ट एकदा नीट समजली की पुढच्या वर्षी लेजर पाहूनच अंदाज बांधता येतो.

लेखा मानक 11 नुसार (आणि आपली कंपनी इंड एएस पाळणारी असती तरी इंड एएस 21 नुसार) परकीय चलनातील प्रत्येक व्यवहार त्या दिवसाच्या दराने नोंदवायचा असतो आणि ताळेबंदाच्या दिवशी चलनातील मौद्रिक बाबी, म्हणजे रोख, बँक शिल्लक, येणी आणि देणी, त्या दिवसाच्या क्लोजिंग रेटने दाखवायच्या असतात. हे दोन्ही नियम आपण पाळले आहेत आणि नेमके त्यामुळेच हा फरक दिसतो. बँकेच्या लेजरला डॉलर ज्या दराने आत आले त्या दराने नावे पडले आणि ज्या दिवशी गेले त्या दिवसाच्या दराने जमा पडले. आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा दर सारखा नसतो. त्या दोन दरांतला फरक वेगळ्या खात्यात नेणारी नोंद आपण दर व्यवहाराला करत नाही, कोणीच करत नाही, म्हणून तो बँकेच्या लेजरमध्येच पडून राहतो आणि 31 मार्चला पुनर्मूल्यांकनाची नोंद करताना एकदम बाहेर येतो.

आपल्या लेजरमधील नोंदी मांडून पाहू. हिशोब समजायला सोपा जावा म्हणून दर मी थोडे गोल धरले आहेत.

| तारीख | व्यवहार | डॉलर | दर | रुपये | लेजरची शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| 5 फेब्रु. | ग्राहकाकडून जमा | +10,000 | 87.20 | 8,72,000 | 8,72,000 |
| 20 फेब्रु. | क्लाउडचे बिल | −3,000 | 86.70 | 2,60,100 | 6,11,900 |
| 10 मार्च | ग्राहकाकडून जमा | +6,000 | 87.00 | 5,22,000 | 11,33,900 |
| 18 मार्च | वार्षिक लायसन्स | −2,000 | 86.60 | 1,73,200 | 9,60,700 |
| 27 मार्च | रुपयांत रूपांतर | −5,000 | 85.60 | 4,28,000 | 5,32,700 |

आता पहिल्या 10,000 डॉलरचा माग काढा. ते आपल्या पुस्तकात 87.20 ने आले. त्यातले 3,000 क्लाउडच्या बिलापोटी गेले तेव्हा डॉलर 86.70 ला होता, म्हणजे दर डॉलरमागे 50 पैसे, एकूण 1,500 रुपये. लायसन्सचे 2,000 गेले 86.60 ला, म्हणजे 60 पैशांप्रमाणे 1,200 रुपये. उरलेले 5,000 बँकेने 85.60 ने घेतले, तिथे 1 रुपया 60 पैशांप्रमाणे 8,000 रुपये. या तिन्हींची बेरीज 10,700 येते आणि हीच आपल्याला न सापडणारी रक्कम आहे. दुसरे 6,000 डॉलर 87.00 ने आले, 31 मार्चला 85.50 ने मोजले, त्यावर दीड रुपयाप्रमाणे 9,000. एकूण 19,700.

या मांडणीत मी आधी आलेले डॉलर आधी गेले असे मानले. भारित सरासरीने हिशोब केला तर 10 मार्चनंतर खात्यातील 13,000 डॉलरचा सरासरी दर साधारण 87.11 येतो, बाहेर पडलेल्या डॉलरवरचा तोटा सुमारे 10,054 भरतो आणि शिल्लक डॉलरवरचा 9,646. बेरीज पुन्हा 19,700 च. म्हणूनच ताळेबंदासाठी यातली कोणतीही पद्धत निवडत बसण्याची गरज नाही. एकूण विनिमय फरक म्हणजे डॉलरमधील शिल्लक गुणिले क्लोजिंग रेट, वजा लेजरची रुपयांतील शिल्लक. एवढे एक गणित पुरते. झालेला तोटा किती आणि केवळ कागदावरचा किती, अशी फोड कोणी मागितली, उदाहरणार्थ व्यवस्थापनाच्या अहवालासाठी, तरच पद्धत ठरवावी लागते आणि मग ती दरवर्षी तीच ठेवावी लागते.

आपण केवळ 9,000 ची नोंद केली असती तर काय झाले असते? लेजर 5,23,700 वर थांबले असते, म्हणजे 6,000 डॉलरला ताळेबंदात डॉलरमागे 87.28 भाव लागला असता. त्या दराने तर एकही डॉलर खात्यात कधी आला नव्हता. हा मोठा पुरावा आहे: नोंद झाल्यावर लेजरची रुपयांतील शिल्लक डॉलरच्या शिलकीने भागली आणि उत्तर क्लोजिंग रेटशी जुळले नाही, तर नोंद अपुरी आहे.

खर्च का बदलायचा नाही, याचे कारण सोपे आहे. क्लाउडची सेवा घेतली, 20 फेब्रुवारीला पैसे दिले, व्यवहार संपला. त्या दिवशी ती सेवा कंपनीला 2,60,100 रुपयांना पडली आणि त्यानंतर डॉलर 80 वर आला काय किंवा 90 वर गेला काय, त्या सेवेची किंमत बदलत नाही. तरीही मला दर वर्षी अशी एखादी तरी फाईल दिसते जिच्यात वर्षभराचा डॉलरमधील खर्च एकत्र करून 31 मार्चच्या दराने गुणलेला असतो. आपल्या बाबतीत तसे केले तर 5,000 डॉलरचा खर्च 4,33,300 ऐवजी 4,27,500 दिसेल आणि 5,800 रुपयांचा खर्च विनिमय तोट्याच्या आकड्यात मुरून जाईल. एकूण नफा तोच राहतो, म्हणून कोणाला शंका येत नाही, पण लेखापरीक्षकाने बिल आणि पेमेंट व्हाउचर समोर ठेवले की आकडा जुळत नाही.

याच्या उलट दुसरी सवयही आढळते. काही लेखापाल खर्च त्या दिवसाच्या दराने न टाकता, डॉलर ज्या दराने खात्यात आले होते त्याच दराने टाकतात, म्हणजे क्लाउडचे बिल 87.20 ने 2,61,600 रुपये. त्यांचा युक्तिवाद असा की कंपनीला तो डॉलर तेवढ्यालाच पडला होता. ऐकायला पटते, पण मानकाला ते मान्य नाही, कारण व्यवहाराचा दर व्यवहाराच्या दिवशी ठरतो, पैसा कुठून आला यावर ठरत नाही. शिवाय परदेशी सेवेवर रिव्हर्स चार्जने जीएसटी भरताना सीजीएसटी नियम 34 सेवेचे मूल्य सर्वसंमत लेखा तत्त्वांच्या दराने, पुरवठ्याच्या तारखेला धरायला सांगतो. तिथे 87.20 चे समर्थन करता येणार नाही. जिथे टीडीएस कापावा लागतो तिथे आयकर नियम 26 प्रमाणे स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक डॉलर विकत घेते तो दर, लागतो आणि तो आपल्या पुस्तकातील दरापेक्षा थोडा वेगळा असू शकतो. तो कर मोजण्यापुरता आहे. त्यासाठी पुस्तकातील खर्चाची रक्कम बदलू नये. छोटी छोटी पेमेंट फार असतील, महिन्याला तीस-चाळीस सब्स्क्रिप्शन जात असतील, तर दर फार हलत नसताना आठवड्याचा किंवा महिन्याचा सरासरी दर वापरण्याची मुभा मानकातच आहे. त्यातून उरणारा बारीक फरकही शेवटी बँकेच्या लेजरमध्येच साचतो आणि 31 मार्चच्या नोंदीत साफ होतो.

लायसन्सच्या 2,000 डॉलरबाबत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. ते वार्षिक आहे आणि 18 मार्चला भरले आहे, त्यामुळे त्यातला जवळजवळ सगळा भाग 31 मार्चला आगाऊ दिलेला खर्च म्हणून ताळेबंदात जाईल. तिथे बाजूला डॉलरचा आकडा दिसतो म्हणून त्याचेही पुनर्मूल्यांकन करण्याचा मोह होतो. तो टाळा. त्या रकमेच्या बदल्यात पुढे डॉलर परत मिळणार नाहीत, सेवा मिळणार आहे, म्हणून ती मौद्रिक बाब नाही आणि ती 86.60 च्या दरानेच राहते. ग्राहकांकडून येणे असलेले डॉलर आणि पुरवठादाराला देणे असलेले डॉलर मात्र क्लोजिंग रेटने बदलावेच लागतात. त्यांचा फरक त्यांच्या स्वतःच्या लेजरमध्ये निघतो, बँकेच्या नाही.

क्लोजिंग रेट कुठला घ्यायचा, यासाठी मानकाने एखाद्या विशिष्ट संस्थेचे नाव सांगितलेले नाही. बहुतेक कंपन्या एफबीआयएल ही संस्था रोज जाहीर करते तो संदर्भ दर घेतात, काही आपल्या बँकेचा टीटी बाइंग रेट घेतात. दोन्ही चालतात, अट एवढीच की दरवर्षी तोच स्रोत राहावा आणि येणी-देणी-बँक या सर्वांना तोच लागावा. 31 मार्च 2025 ला ईदची सुट्टी होती, म्हणून त्या वर्षासाठी 28 मार्चचा शेवटचा जाहीर दर घ्यावा लागला. त्याआधीच्या वर्षी 31 मार्च रविवारी आला आणि 29 ला गुड फ्रायडे होता, तेव्हाही असेच मागे जावे लागले. कागदपत्रांत त्या दराचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवून द्या, सप्टेंबरमध्ये लेखापरीक्षक मागेल तेव्हा शोधाशोध होणार नाही.

नोंद करण्याआधी डॉलरमधील शिल्लक बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणे ही पायरी मी कधीही सोडत नाही. याचे कारण एका जुन्या अनुभवात आहे. एका कंपनीच्या खात्यात मला 1 लाख 10 हजारांच्या आसपास विनिमय तोटा दिसला आणि लेखापाल म्हणाला, "सर, या वर्षी डॉलर खूप हलला." डॉलर इतका हललाच नव्हता. उघडून पाहिले तर 1,200 डॉलरची एक जमा दोनदा नोंदलेली होती, आणि ती लपली होती कारण त्याने स्टेटमेंटमधील डॉलर घेऊन रुपयांचा फरक सरळ विनिमय तोट्यात टाकून टाकला होता. परकीय बँकेचे 25 डॉलरचे शुल्क, विसरलेली पावती, चुकीचे शून्य, असे काहीही या एका ओळीत नाहीसे होऊ शकते. म्हणून आधी डॉलर जुळले पाहिजेत, मगच रुपये.

डॉलर जुळल्यानंतरही मी एक ढोबळ चाचणी लावतो. एकूण फरक वर्षभरात आत आलेल्या डॉलरने (सुरुवातीची शिल्लक असल्यास ती धरून) भागायचा. आपल्याकडे 19,700 भागिले 16,000, म्हणजे डॉलरमागे साधारण 1 रुपया 23 पैसे. डॉलर आत आले तो सर्वात चढा दर 87.20 आणि मोजला गेला तो सर्वात खालचा दर 85.50, यांच्यातला फरक 1 रुपया 70 पैसे. आपला आकडा त्याच्या आत आहे. तो बाहेर गेला असता तर दरावर खापर फोडण्याऐवजी एखादी चुकीची नोंद शोधायला लागलो असतो. ही चाचणी नापास होण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे ग्राहकाची पावती बिलाच्या तारखेच्या दराने टाकलेली असणे. बिल डिसेंबरमध्ये 85 ने केले आणि फेब्रुवारीत पैसे आल्यावर बँकही 85 नेच नावे टाकली, तर ग्राहकाच्या लेजरमधला नफा बँकेच्या लेजरमध्ये शिरतो.

नोंद स्वतः एका ओळीची आहे. विनिमय फरक खाते नावे 19,700, ईईएफसी बँक खाते जमा 19,700. यात एकच काळजी घ्यायची, ती म्हणजे ही नोंद केवळ रुपयांत व्हावी, डॉलर शून्य राहावेत. टॅलीमध्ये डॉलरचा दर भरलेला असेल तर ताळेबंदात `Unadjusted Forex Gain/Loss` अशी ओळ दिसते. हाच तो न काढलेला फरक. जर्नल व्हाउचर प्रकारात फॉरेक्स नफा-तोट्यासाठीचा क्लास तयार करून त्यातून नोंद केली की ती ओळ शून्य होते आणि डॉलरची शिल्लक 6,000 च राहते. साध्या जर्नलमध्ये डॉलर टाकून नोंद केली तर रुपये जुळतील आणि डॉलर बिघडतील. वार्षिक पत्रकात हा तोटा इतर खर्चात परकीय चलन व्यवहारांवरील निव्वळ तोटा म्हणून दाखवायचा. ग्राहकांच्या लेजरवर नफा निघाला असेल तर तो यातून वजा होऊन निव्वळ आकडा जातो.

आयकराचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण पुढे येणारच. जुन्या सवयीने काही जण 9,000 चा तोटा "केवळ कागदावरचा" म्हणून करपात्र उत्पन्नात परत मिळवतात. तसे करण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये वुडवर्ड गव्हर्नरच्या प्रकरणात महसुली स्वरूपाच्या चलन बाबींवरचा वर्षअखेरचा तोटा मान्य केला होता आणि 2018 च्या वित्त कायद्याने आणलेले कलम 43एए, करपात्र उत्पन्न मोजण्याच्या आयसीडीएस 6 या मानकासोबत, ही गोष्ट कायद्यातच आणते. नफा निघाला असता तर तोही याच नियमाने त्याच वर्षी करपात्र झाला असता, हे विसरू नका.

1 एप्रिलला ही नोंद उलटवायची नाही. काही ईआरपीमध्ये येणी-देणीची वर्षअखेरची नोंद आपोआप उलटते, आणि बिलनिहाय हिशोब करणाऱ्या लेजरला ते सोयीचेही असते, पण बँकेच्या खात्यात तसे केले तर एप्रिलच्या पहिल्याच दिवशी 19,700 चा नफा दिसतो, ज्यातले 10,700 तर मार्चअखेरपूर्वीच कायमचे गेलेले आहेत. वर्षअखेरीला तो आकडा पुन्हा निघून जातो, पण मधल्या सगळ्या तिमाही अहवालांत खोटा राहतो. आपले 6,000 डॉलर 1 एप्रिलला 85.50 च्या दराने 5,13,000 रुपये म्हणूनच सुरू होतात.

त्या 6,000 डॉलरची तारीख मात्र डायरीत लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ईईएफसी खात्यात एका महिन्यात जमा झालेली रक्कम, मान्य कामांसाठी वापरलेली किंवा वायद्यात बांधलेली सोडून, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत रुपयांत बदलावी लागते. फेब्रुवारीचे 10,000 आपण खर्च आणि रूपांतर मिळून 27 मार्चला पूर्ण संपवले, ते बरोबर झाले. मार्चच्या 6,000 ची मुदत 30 एप्रिलला संपते, आणि त्या दिवशी बँक देईल तो दर आणि 85.50 यांच्यातला फरक हा नव्या वर्षाचा असेल.